पेटीवरचे पोचे

अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा आमच्या मालकांचा, म्हणजे सरांचा शब्द. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली होती, चार कॉम्प्युटर होते आणि एक कूलर होता, जो हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचा. खालच्या क्लासमधली पोरं सूत्रं घोकायची, वर आम्ही थ्रीडी मॉडेलं बनवायचो. त्या वर्षांत कापसानं आणि सोयाबीननं आमच्या भागातल्या घराघराची वाट लावली होती, आणि त्याच घरांतल्या पोरापोरींना अमरावती-अकोल्याच्या भिंतीभिंतींवर अॅनिमेशनच्या कोर्सची पोस्टरं दिसत होती. मीही त्यातलीच. पातूरजवळची काळी जमीन सोडून मी इथे माऊस धरायला आले, आणि खरं सांगते, मला ते काम मनापासून आवडायचं. पुढे जे झालं त्यानंतरही आवडत राहिलं, याचाच मला जास्त राग येतो.

माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर अकोल्याचा एक मुलगा बसायचा. माझ्याच वयाचा, हाताचा चपळ आणि तोंडाचा फटकळ. त्याचे अब्बा अकोल्याच्या एमआयडीसीत शेती अवजारांच्या कारखान्यात मिस्तरी होते. पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकून सरळ करायचा आणि वेल्डिंग मारायचं, हे त्यांचं काम. त्या कारखान्याच्या शेठनं ट्रॅक्टरला जोडायचं नवीन पेरणी यंत्र काढलं होतं आणि अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात मोठ्या टीव्हीवर ते फिरताना दाखवायचं त्याच्या मनात होतं. अब्बांनी आपल्या पोराचं नाव सांगितलं, पोरानं सरांचं सांगितलं, आणि काम आमच्याकडे आलं. म्हणजे ते काम त्या माणसानंच आणून दिलेलं होतं. हे विसरू नका. सर फार लवकर विसरले.

मापं घ्यायला आम्ही दोघं अकोल्याला गेलो. टेपचं एक टोक मी धरायची, दुसरं चाचा धरायचे, आणि त्यांचा मुलगा आकडे लिहून घ्यायचा. मी त्यांना चाचा म्हणायची. यंत्रात सगळ्यात देखणी होती बियाण्याची पेटी. लांबलचक, समोरून सपाट, आणि कडा अशा गोलसर वाकवलेल्या की हात फिरवला तर कुठे बोचणार नाही. चाचांनी ती स्वतः केली होती.

"बेटी, ह्या कडा चांगल्या दाखवजो बरं," ते मला म्हणाले. "लोकं आधी डबाच पाहतात. बाकी कोन पाहते?"

मॉडेल करायला काही अडचण आली नाही. प्रदर्शनातला कॉम्प्युटर साधा, म्हणून मॉडेल हलकं ठेवायचं होतं. पेटीच्या कडांना बेव्हल द्यायचा, म्हणजे कोपरा जिथे धारदार असेल तिथे एक अरुंद तिरपी पट्टी घालायची, की कड गोल वाटते. पेच येतो तो उजेडाचा. थ्रीडी मॉडेलच्या प्रत्येक बिंदूवर एक अदृश्य टाचणी उभी असते असं समजा. इथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे ती टाचणी उजेडाला सांगते. तिला नॉर्मल म्हणतात. कोणते पृष्ठभाग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसावेत हे ठरवायला त्यांना नंबर देतात, तो स्मूदिंग ग्रुप. दोन शेजारच्या पृष्ठभागांचा ग्रुप एकच असला तर त्यांच्या मधल्या बिंदूवरच्या टाचण्यांची सरासरी होते आणि जोड दिसत नाही. ग्रुप वेगळे असले की मध्ये धारदार रेघ पडते.

सरांना हे सगळं समजावत बसायला वेळ नसायचा. त्यांची एक सवय होती. मॉडेल झालं की सगळं सिलेक्ट करायचं आणि ग्रुप नंबर एक दाबायचा. "सगळ्यांना एका ग्रुपात घ्या, सगळं गुळगुळीत," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मोझरीच्या आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला लोक एका ओळीत बसतात तसं सगळ्या मॉडेलनं बसावं अशी त्यांची कल्पना. बाटली असेल, भांडं असेल तर ते खपून जातं. पेटीवर खपत नाही. समोरची बाजू सपाट आणि मोठी, बेव्हलची पट्टी अरुंद आणि तिरपी. दोन्ही एका ग्रुपात टाकल्या की कोपऱ्यातली टाचणी दोघांच्या मध्ये कुठेतरी कलते. मग सपाट बाजू सपाट असूनही तिच्यावरचा उजेड कोपऱ्याकडे वाकडा होत जातो. पेटीला खाली बियाणं जाण्याची गोल भोकं होती, त्यांच्या भोवती लांब बारीक त्रिकोण तयार झाले होते, तिथे तर काळसर ओरखडेच उठले. मॉडेल फिरवलं की वाटायचं, पेटीला कुणीतरी आतून आणि बाहेरून हातोडे मारलेत.

आम्ही याला पोचा म्हणायचो. पुस्तकात याला कायकाय नावं आहेत, आमच्या खोलीत पोचा. भांड्याला पडतो, गाडीला पडतो, तोच.

मी सरांना तेव्हाच म्हटलं होतं, "सर, पेटीवर पोचे दिसून राहिले. नॉर्मल हाताने बसवावे लागतील."

सर म्हणाले, "टीव्हीवर कोन पाहते एवढं? पाठवून दे नमुन्याचा व्हिडिओ."

व्हिडिओ त्यांनीच पाठवला.

शेठनं तो पाहिला आणि पहिला फोन सरांना केला. स्पीकर चालू होता, आम्ही सगळे ऐकत होतो. "बाकी फसकिलास हाये, पन डब्याले हे पोचे कायचे हो?"

आता सरांनी काय सांगायला हवं होतं? आमच्या कामात उजेडाची एक चूक राहिली, दुरुस्त करून देतो. एवढंच. त्याऐवजी आमचे सर खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "शेठजी, आमचं मॉडेल मिलिमीटरला पक्कं असते. आम्ही तुमच्या मशीनवर टेप लावून माप घेतलं. जे मशीनवर आहे तेच दिसते."

मग शेठ म्हणाला, "अस्सं."

फोन ठेवल्यावर माझ्या शेजारचा उठून उभा राहिला. "सर, तो डबा माझ्या अब्बानं बनवला हाये. त्याच्यावर एक पोचा नाही. तुमी हे काहून सांगतलं?"

"अरे, तुझ्या अब्बांचं नाव घेतलं का मी?" सर म्हणाले. "आणि आपली चूक आहे म्हटलं तर पुढच्या मशीनचं काम देईल का तो?"

त्यांना पुढचं काम दिसत होतं. मला एक म्हातारा होत चाललेला माणूस टेपचं टोक धरून उभा दिसत होता. पण तेव्हाही मला वाटलं होतं की फार तर शेठ चाचांना दोन शब्द बोलेल. एवढ्या जुन्या माणसाला कुणी कॉम्प्युटरवरच्या चित्रावरून काढतं का?

काढलं. खरं म्हणजे शेठला खर्च कमी करायचाच होता. शेतकऱ्याच्या हातात काही उरत नव्हतं, तिथे नवीन अवजार कोण घेणार? कारखान्यात अर्धे दिवस मशीन बंद असायच्या. जुना मिस्तरी महाग, नवीन पोरगा स्वस्त, फक्त जुन्याला काढायला निमित्त पाहिजे होतं. ते निमित्त आम्ही दिलं. शेठ म्हणे पेटीवर हात फिरवत गेला आणि म्हणाला, "इथं हाये पाहा. अन् इथं." पत्रा म्हटला की थोडी लहर असतेच, आणि एकदा कुणी सांगितलं की पोचा आहे, मग बोटांनाही तो लागायला लागतो. चाचांनी सांगून पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं, "कंप्युटर खोटं बोलते काय?"

सोमवारी माझा शेजारी अकोल्याहून परत आला आणि थेट कॉम्प्युटर चालू केला. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. रडला वगैरे नाही. फक्त म्हणाला, "आता हे पोचे काढायचे. मंग त्याले दाखवतो का डबा तोच हाये अन् पोचे गेले."

मलाही ते पटलं. मशीनला कुणी हात लावलेला नाही आणि चित्र स्वच्छ झालं, तर चूक चित्राची होती हे शेंबड्या पोरालाही कळेल. आम्ही दोघं कामाला लागलो. मी आधी सोपी वाट करून पाहिली, बेव्हलला वेगळा ग्रुप दिला. सपाट बाजू लगेच सपाट झाली, पण कडेला दोन्हीकडून धारदार रेघा उठल्या, आणि चाचांची गोल कड चाकूनं तासल्यासारखी दिसायला लागली. ते चालणार नव्हतं. मग ग्रुप पुन्हा एक केला आणि मॉडेलवर नॉर्मल बदलण्याचं मॉडिफायर चढवलं, म्हणजे मूळ मॉडेल तसंच ठेवून त्यावर बदलाचा एक थर. त्यात टाचण्या डोळ्यांना दिसतात, निळ्या निळ्या. पेटीच्या समोरच्या बाजूची सरळ दिशा घ्यायची, तिची नक्कल करायची आणि त्या बाजूच्या काठावरच्या प्रत्येक टाचणीवर चिकटवायची. टाचण्या कललेल्या असतात त्या एकेक करून ताठ होतात. मग वरची बाजू, मग बाजूचे पत्रे. सपाट भाग आपापल्या दिशेला ताठ उभे राहिले की वळण्याचं सगळं काम त्या अरुंद बेव्हलच्या पट्टीवर येतं, आणि ती ते नीट करते, कारण तिच्या एका काठाची टाचणी समोर पाहते आणि दुसऱ्या काठाची वर. मधला उजेड आपोआप वळतो. भोकांभोवतीच्या टाचण्याही खालच्या पत्र्याच्या दिशेला लावल्या, ओरखडे गेले.

मध्येच मला झाकणाची एक रेघ जास्त वाटली म्हणून मी मूळ मॉडेलमध्ये जाऊन ती काढली, आणि वर आले तर सगळं बसवलेलं विस्कटलेलं. बिंदूंची संख्या बदलली की हाताने बसवलेले नॉर्मल टिकत नाहीत. ते सगळ्यात शेवटी करायचं काम. शेजाऱ्यानं मला त्याच्या खास शब्दांत आठवण करून दिली, ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. आम्ही पुन्हा पहिल्यापासून केलं. झालं तेव्हा पेटी अशी दिसत होती की हात फिरवावासा वाटावा. एकही बिंदू जागचा हलला नव्हता. फक्त टाचण्या फिरल्या होत्या.

सरांनी नवीन व्हिडिओ पाठवला. सोबत दोन ओळी लिहा म्हणून मी हात जोडले. त्यांनी लिहिलं, "सुधारित." बस, एकच शब्द.

म्हणून मी स्वतः शेठला फोन लावला. सरांना न विचारता. नोकरी जाते तर जाऊ दे असं त्या वेळी मनात होतं. मी म्हटलं, "शेठजी, ते पोचे मशीनवर नव्हते. आमच्या मॉडेलचे नॉर्मल चुकले होते."

"म्हंजे?"

"म्हणजे पेटीचे नॉर्मल बरोबर नव्हते. ते आता नीट केले."

"हां, तेच तं!" शेठ खूश झाला. "डबा नॉर्मल नव्हता, आता नॉर्मल झाला. मीनं नवीन पोरगा लावला ना. त्यानं घासून कलर मारला, अन् पाहा, तुमच्या कंप्युटरनं बी बरोबर पकडलं. मशीन भारी हाये बाप्पा तुमची."

मी दोनदा, तीनदा सांगायचा प्रयत्न केला. हा इंग्रजी शब्द वेगळा, त्याचा अर्थ दिशा, उजेडाची दिशा. तो म्हणाला, "ताई, कंप्युटरचं सरांसंगं बोला, मले लोखंडाचं कळते." आणि ठेवला. मी फोन हातात धरून बसले. आमच्या घरांत नॉर्मल म्हटलं की एक तर बाळंतपण नाहीतर तब्येत, तिसरा अर्थ कुणाच्या बापालाही माहीत नाही, आणि मी त्याच शब्दावर एका माणसाची भाकरी तोलायला निघाले होते. दुसरा शब्द मला त्या वेळी सुचला नाही. आजही कुणी सहज म्हणालं की रिपोर्ट नॉर्मल आला, तर माझ्या कपाळावर आठी चढते.

म्हणजे आम्ही जे काम चाचांना सोडवायला केलं, त्यानंच त्यांचा गुन्हा शाबीत केला. पोचे होते तेव्हा जुना मिस्तरी होता, पोचे गेले तेव्हा नवीन होता. यापेक्षा सोपा हिशेब शेठला कोण देणार होतं?

प्रदर्शनाला मॉडेल चालवायला आम्हालाच अकोल्याला जावं लागलं. मंडपात धूळ, भोंगे, ठिबक सिंचनाच्या पाइपांची वेटोळी, आणि कोपऱ्यात आमचा मोठा टीव्ही. सुरुवातीला तिथल्या प्रोग्रॅममध्ये पोचे पुन्हा उगवले. मी घाबरले, मग लक्षात आलं की तो प्रोग्रॅम फाईलमधले नॉर्मल न घेता स्वतःचे नवीन काढून राहिला. फाईलमधले घे असं त्याला सांगितलं, झालं सरळ. टीव्हीच्या बाजूलाच खरं यंत्र उभं होतं, ताज्या लाल रंगात. शेठ येईल त्याला सांगत होता, "पयला डबा बिघडला होता, आपन नवीन माणसाकडून करून घेतला."

दुपारी चाचा आले. स्वच्छ पांढरा सदरा घालून, पाहुण्यासारखे. ते आधी टीव्हीकडे गेलेच नाहीत, यंत्राकडे गेले. पेटीच्या खालून हात घातला आणि आतल्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं, कारण वरचं रंगानं झाकलं होतं आणि आतलं नाही. मग मुलाला म्हणाले, "हा तं माझाच डबा हाये. ह्याले कोनी नाही सुधरवला. नुसता कलर मारला."

मुलाचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यानं शेठला हाक मारली, "शेठजी, एक मिनिट इकडे या," आणि लॅपटॉपवर मूळ फाईल उघडली. दोनचार शेतकरी पण जमले, फुकट तमाशा कोण सोडतो! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलवर जे जे चढवलं असेल त्याची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक छोटा बल्ब. त्यानं नॉर्मलचा बल्ब बंद केला. पेटीवर पोचे उठले. चालू केला, गेले. बंद. चालू.

"पाहा," तो म्हणाला. "डबा हाल्ला काय? एक बी कोपरा सरकला काय? पोचे डब्यात कवाच नव्हते. ते आमच्या उजेडात होते. अब्बाचं काम पयल्या दिवसापासून चांगलं होतं."

शेठ खाली वाकला. स्वतः माऊस मागितला आणि स्वतःच बल्ब बंद-चालू करून पाहिला. दोनतीनदा. मग यंत्राच्या पेटीकडे पाहिलं, मग चाचांकडे. त्याला कळलं होतं. या वेळी शब्दाची भानगड नव्हती, डोळ्यांसमोर होतं. मला इतका आनंद झाला की मी चाचांचा हात धरला.

"हो राजा," शेठ म्हणाला. "मिस्तरीची चूक नव्हती. मानलं."

चाचा नुसते उभे होते, पुढच्या वाक्याची वाट पाहत. आम्ही सगळेच ते वाक्य ऐकायला उभे होतो.

शेठनं माऊस खाली ठेवला. "पन मिस्तरी, आता तो नवीन पोरगा ठेवून घेतला ना. त्याले कसं काढू? त्याची तं काई चूक नाही."

आणि तो एका गिऱ्हाईकाकडे वळला, पेटीवर थाप मारत.